केटररला मेसेज: पदार्थापुढेच सूचना लिहा

बडोद्यात केटररला मेनू, माणसं आणि अ‍ॅलर्जी वेगवेगळ्या मेसेजमध्ये गेली की अ‍ॅलर्जीची ओळ स्वयंपाक करणाऱ्या महाराजांपर्यंत पोचतच नाही. त्यांच्या हातात जाते ती मेनूची यादी. म्हणून सूचना त्या यादीतच, पदार्थाला चिकटवून लिहायची. मुंजीचा नमुना:

"रविवार, एकूण १३० पानं, त्यात १५ लहान मुलं.
१०:१५ – मातृभोजनाची १० पानं, आधी वेगळी.
१२:३० – पहिली पंगत ६०. १:३० – दुसरी ६०.
काकडीची कोशिंबीर – शेंगदाण्याचं कूट नको, ओलं खोबरं चालेल.
अळूवडी, बटाटेवडे – शेंगदाण्याचं सिंगतेल नको, सरकीच्या कपाशिया तेलात तळणे.
मसालेभात – काजू वेगळ्या वाटीत, वरून.
वरण, पुरी, श्रीखंड – नेहमीप्रमाणे.
दोघांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्यांची पानं पंगत बसायच्या आधी, वेगळ्या डावांनी वाढणे."

मातृभोजनाची वेळ गुरुजींना विचारूनच टाका, ते मुहूर्तावर ठरतं. नुसतं 'सकाळी' लिहिलंत तर त्या वेळी पुऱ्यांचं पीठसुद्धा मळलेलं नसतं.

पानांचा आकडा पक्का कधी करायचा आणि वर किती जणांची सोय होईल, हे त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या. उत्तरात नुसता अंगठा आला तर फोन करून यादी महाराजांकडून वाचून घ्या.

एक मात्र सांभाळा: "दाणे काढून वाढतो" हे अ‍ॅलर्जी असलेल्याला चालत नाही, आणि दाणे तळलेल्या कढईतलं तेलही नाही.