काळ्या मातीत घर बांधायचंय? पाया ठरवण्याआधी आणि भरताना काय काय बघायचं

आमचं जुनं तीन खोल्यांचं घर चार फूट खोल फुटिंगवर होतं आणि दर उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी भेग वर चढायची, मेमध्ये तिच्यात नाणं उभं जायचं आणि श्रावणात तीच भेग मिटून नुसती रेघ उरायची. दर दिवाळीला लांबी भरून रंग दिला, काही उपयोग नाही, कारण भिंतीत दोष नव्हताच, खालची माती पावसात फुगत होती आणि उन्हाळ्यात आकसत होती. कडेची माती आधी वाळते, आधी भिजते, मधली घराखाली झाकलेली राहते, म्हणून घर एकसारखं वर-खाली होत नाही, वाकतं. शेजारीच नवं बांधायचं ठरलं तेव्हा मी जी तयारी केली ती इथे लिहितोय.

सगळ्यात आधी खड्डा. आर्किटेक्टच्या नकाशाआधी, एप्रिल-मेमध्ये, प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत माणूस उतरेल एवढे खड्डे घ्या, दहा फुटांपर्यंत, आणि कडा ढासळणार नाहीत याची सोय केल्याशिवाय आत कुणाला उतरवू नका. बघायचं एवढंच की काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो. जवळ जुनी न बांधलेली विहीर असेल तर तिच्या काठावरून थर आयते दिसतात, काळी, मग पिवळसर चुनखडीचे खडे असलेली, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ खडक. भेगांत सळई घालून बघा किती खोल जाते, आमच्याकडे साडेतीन फूट गेली. पण भेग संपली म्हणजे हालचाल संपली असं नाही, ओलावा त्याच्याही खाली बदलत असतो.

मग मातीची टेस्ट. लॅबमध्ये फ्री स्वेल इंडेक्स सांगा, स्वस्त आणि सोपी आहे: 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती, 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत, एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात केरोसिन, आणि 24 तास थांबायचं. केरोसिनमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमच्या मातीची केरोसिनमधली पातळी 11 मिली आली आणि पाण्यातली 25, फरक 14, त्याला 11 ने भागलं की 127 टक्के. 50 च्या खाली कमी फुगणारी, 50 ते 100 मध्यम, 100 ते 200 जास्त, त्याच्या वर फार जास्त. आमची तिसऱ्या गटात. रिपोर्ट फाइलला लावून ठेवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हातात द्या.

आता निवड. मुरूम पाच-सहा फुटांवर लागत असेल तर फार डोकं लावू नका, मुरमात फूटभर घुसून त्यावर फुटिंग घ्या, फक्त खड्डा परत भरताना खोदून काढलेली काळी माती आत ढकलू नका, मुरूम आणून थर देऊन ठोका. खड्डे खोदून महिनाभर उघडेही ठेवू नका. काही ठिकाणी खड्ड्यात वाळू भरून त्यावर पाया घ्यायला सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, चारी बाजूंनी काळी माती आणि मध्ये वाळू म्हणजे आपणच पाण्याचा हौद केला, पाऊस तिथेच साठणार आणि खालची माती फुगवणार.

आमच्याकडे दहा फुटांवरही काळीच होती, माती पोखरायच्या ऑगरने बघितलं तर 17 फुटांपर्यंत तीच आली, म्हणून अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून त्यात सळया घालून काँक्रीट भरलेला खांब. सरळ भोक आणि तळाशी फुगवटा, त्याला बल्ब म्हणतात, साधारण भोकाच्या अडीच पट रुंद. वरची माती फुगताना पाइलला चिकटून वर ओढते, तेव्हा खाली जिथे ओलावा बदलत नाही तिथे हा बल्ब अडकून राहतो. म्हणूनच सळया वरपासून खालपर्यंत पूर्ण लागतात, तिथे वजन पेलण्यापेक्षा ताण धरणं महत्त्वाचं. पाइलसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 2911 या कोडच्या तिसऱ्या भागात खोल काळ्या मातीत किमान साडेतीन मीटर लांबी सांगितलीय, आमची 15 फूट, भोक 12 इंची, बल्ब 30 इंची. भिंतीचं वजन फुटाला सव्वा टनाच्या आसपास धरलं आणि पाइल आठ फुटांवर, म्हणजे एकेकावर दहा टन. कोडच्या तक्त्यात 30 सेंटीमीटरच्या एका बल्बच्या पाइलला 16 टन आहेत, तर मोकळीक राहिली.

पाइल करताना साइटवर स्वतः उभं राहायचं, कारण बल्ब जमिनीत असतो, नंतर दिसत नाही आणि चुकवणं सोपं आहे. एक मोजमाप मी वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्या मापाचं सरळ भोक भरायला साधारण 12 घनफूट काँक्रीट लागतं, बल्बसकट 14 च्या थोडं वर. एम-20 प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या एका पोत्यामागे साडेचार घनफुटांच्या आसपास माल निघतो, म्हणजे बल्ब नीट कापला असेल तर तीन पोत्यांच्या वर जायलाच हवं, आणि एखाद्या भोकात पावणेतीनमध्येच काँक्रीट वर आलं तर तिथे बल्ब झालेला नाही किंवा आत माती ढासळलीय. आमच्या सातव्या पाइलला असंच झालं, मिस्त्री म्हणाले चालतंय भाऊ, मी इंजिनिअरना फोन लावला आणि त्यांनी शेजारी दुसरी पाइल घ्यायला लावली. भोक पाडलं त्याच दिवशी भरायचं, तळाची सुटी माती काढायची, पाणी आलं असेल तर वरून ओतायचं नाही, पाइपने तळापासून भरायचं.

आणि आता ज्यासाठी खरंतर लिहायला बसलो ते. पाइलवरचा प्लिंथ बीम, म्हणजे पाइल जोडणारी आणि भिंत पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई, जमिनीला टेकता कामा नये, खाली किमान 80 मिमी पोकळी हवी, म्हणजे तीन इंचांपेक्षा जास्त. ती नसेल तर माती फुगून बीमच उचलते आणि पाइलवर केलेला सगळा खर्च वाया. मिस्त्री लोकांना ही पोकळी बघवत नाही, बीम अधांतरी राहील म्हणून प्रेमाने विटा-माती दाबून भरतात, आमच्याकडे एका दुपारी मी जेवायला गेलो तेवढ्यात दोन बीमखाली भरली होती, सगळी हाताने काढावी लागली. बीमखालची फळी किंवा तात्पुरती भर काँक्रीट पक्कं झाल्यावर काढलीच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना माती आत घसरू नये म्हणून विटेची आड द्यायची, बीमच्या बुडाला न टेकवता. भर पूर्ण झाल्याचा फोटो काढण्याआधी बीमखालून एक फळी आरपार सरकवून बघा.

जमिनीवरची फरशी वेगळी बाब, पाइल तिला वाचवत नाही. पैसे असतील तर प्लिंथ बीमवर स्लॅब घ्या, नाहीतर वरची दोन-तीन फूट काळी माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून दाबा, आणि फरशी भिंतीला जोडू नका, मध्ये सांधा सोडा.

बाहेर भिंतीलगत पाच-सहा फुटांचा उताराचा पक्का पट्टा, छपराचं पाणी पाइपने त्याच्या पलीकडे, झाड त्याच्या उंचीएवढं तरी लांब, आणि पाण्याच्या व ड्रेनेजच्या पाइपला भिंतीतून बाहेर पडताना लवचिक जोड, कारण जमीन हलेल आणि घर हलणार नाही, पाइप त्या दोघांच्या मध्ये सापडतो.