प्रसंगानुसार नेस्ट करा, संगीत बाहेर ठेवा

दीड तासाच्या लग्नाच्या फिल्मची टाइमलाइन शेकडो तुकड्यांची होते. मग घरचे म्हणतात, ‘हळद मेंदीच्या आधी घ्या’, आणि सगळं विस्कटतं. प्रीमियर प्रोमध्ये एका प्रसंगाचे सगळे क्लिप निवडून राइट-क्लिक करा, Nest निवडा आणि ‘०२_हळद’ असं नाव द्या. आता अख्खी हळद एका पट्टीसारखी उचलून हलवता येते. आतले बदल करायचे तर पट्टीवर डबल-क्लिक करा.

खरा घोळ लांबीत होतो. आतून २० सेकंद कापलीत तरी बाहेरची पट्टी तेवढीच राहते आणि शेवटी काळी पोकळी दिसते. ती निदान लक्षात येते. पण आत १० सेकंद वाढवलीत, तर शेवटचे १० सेकंद बाहेर दिसतच नाहीत आणि काही चुकल्याची खूणही नसते. म्हणून आत काहीही बदललं की बाहेर येऊन पट्टीचं टोक रिपल ट्रिमने नव्या लांबीला आणा आणि प्रसंगाचा शेवट एकदा चालवून पाहा.

अनेक प्रसंगांवरून वाहणारं संगीत मात्र नेस्टमध्ये कोंडू नका. ते मुख्य टाइमलाइनवरच बरं, नाहीतर प्रसंग हलवताच गाणं मधेच तुटतं.

छोटी आवृत्ती हवी असेल तर पट्टी नुसती कॉपी करू नका. दोन्ही पट्ट्या एकाच सिक्वेन्सकडे बोट दाखवतात, त्यामुळे एकीत कापलेलं दुसरीतूनही जातं. आधी प्रोजेक्ट पॅनेलमध्ये त्या सिक्वेन्सची डुप्लिकेट प्रत करा, मग ती वापरा.