धावत्या गाडीतून पाटीवरचे नाव किती अंतरावरून वाचता येईल, हे आधीच कसे ओळखावे

रस्त्यालगतच्या दुकानाची पाटी आपण जवळ उभे राहून पसंत करतो. संगणकाच्या पडद्यावर, नाहीतर फ्लेक्सवाल्याच्या दुकानात दोन हातांवरून. तिथे प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसते. तीच पाटी खांबावर चढली आणि समोरून ६० च्या वेगाने मोटार आली की चालकाच्या हाती दोन-अडीच सेकंद उरतात. तेवढ्यात नाव वाचून होईल की नाही, हे पाटी छापण्याआधी फूटपट्टी आणि थोड्या गुणाकाराने समजते.

उदाहरणाला खते-बियाण्यांच्या दुकानाचे नाव घेऊ: ‘श्री सिद्धेश्वर कृषी सेवा केंद्र’. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे त्या भागात या धाटणीच्या पाट्या पावलोपावली दिसतात. पाटी १० बाय ४ फुटांची, रस्त्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी लिहिलेली आणि चालकाच्या रेषेपासून ६ मीटर डावीकडे आहे असे समजू.

काटकोनात का, ते आधी सांगतो. दुकानाच्या भिंतीवरची पाटी रस्त्याला समांतर असते. ती चालकाच्या रेषेपासून १२ मीटर आत असेल, तर ४० मीटर अलीकडून तिची रुंदी खऱ्या रुंदीच्या तीस टक्क्यांहूनही कमी दिसते. दहा फुटी पाटी तीन फुटी होते आणि अक्षरे एकमेकांत शिरतात. ती सरळ दिसू लागेपर्यंत चालकाला मान पुरती वळवावी लागते. भिंतीवरची पाटी पायी येणाऱ्यांसाठी असते. पुढचा सगळा हिशेब समोरून दिसणाऱ्या पाटीचा आहे.

पहिले काम: वाचायला किती रस्ता मिळतो ते काढा

गाडी पाटीजवळ येते तसतशी पाटी नजरेच्या कडेला सरकते. समोरच्या रस्त्यापासून साधारण १० अंशांहून जास्त बाजूला गेलेली गोष्ट चालकाने वाचत बसू नये. हे अंतर काढायला पाटी बाजूला किती मीटर आहे त्याला ५.७ ने गुणायचे. आपल्या उदाहरणात ६ गुणिले ५.७, म्हणजे सुमारे ३४ मीटर. पाटी ३४ मीटरवर आली की चालकापुरते वाचन संपले, मग अक्षर केवढेही मोठे असो.

आता वेळ. पाटी नजरेला सापडून रस्त्याकडेही लक्ष राहावे यासाठी २ सेकंद धरा आणि प्रत्येक शब्दामागे सेकंदाचा तिसरा हिस्सा वाढवा. पाच शब्दांना ३.७ सेकंद होतात, एका शब्दाला २.३. ताशी वेगाला ३.६ ने भागले की सेकंदाला किती मीटर ते मिळते. ६० च्या वेगाला १६.७ मीटर. म्हणजे पाच शब्द वाचेपर्यंत गाडी ६२ मीटर पुढे जाते. त्यात ३४ मिळवले की ९६. पाचही शब्द वाचून व्हावेत असे वाटत असेल, तर ९६ मीटरवरून नाव वाचता यायला हवे. एकाच शब्दाला ७२ मीटर पुरतात.

हा फक्त वाचण्यापुरता हिशेब झाला. नाव वाचून गाडी त्याच दुकानात वळवायची असेल, तर वेग उतरवायलाही रस्ता लागतो. ६० वरून हळूहळू १५ वर यायला सुमारे ६५ मीटर जातात. एवढे काम एकट्या नावाकडून करून घेण्यापेक्षा अलीकडे बाण असलेली दुसरी छोटी पाटी लावणे सोपे.

दुसरे काम: अक्षरातली सर्वांत अरुंद फट मोजा

‘एक इंचाच्या अक्षराला तीस फूट’ हा आडाखा अनेकांना ठाऊक असतो. तो रोमन कॅपिटल अक्षरांचा आहे आणि देवनागरीला जसाच्या तसा लावला की फसगत होते. रोमन ‘ई’मध्ये उभ्या मापात तीन रेघा आणि दोन फटी, असे पाचच थर असतात. आपल्याकडे ‘र’ जवळपास तेवढाच मोकळा आहे, पण त्याच उंचीत ‘द्ध’ कोंबला की थर दुपटीवर जातात. त्यामुळे मी अक्षराची उंची नंतर बघतो. आधी बघतो फट.

डोळ्याचा नियम सोपा आहे. ६/६ नजरेच्या माणसाला १ मिलिमीटरची फट साधारण ३.४ मीटरवरून वेगळी कळते. त्यापुढे दोन रेघा एक होतात. गाडीचे हादरे, काचेवरची धूळ, कुणाचा जुना झालेला चष्मा हे सगळे धरून त्याच्या निम्मे घ्यावे: १ मिलिमीटर फटीला १.७ मीटर. ५६ मिलिमीटरची फट ९५ मीटरवरून कळेल. पाच थरांच्या अक्षरात एवढी फट यायला उंची २८ सेंटीमीटर लागते आणि वरचा इंच-फुटांचा आडाखाही इथेच येऊन मिळतो.

मात्र ज्या फटीवर अक्षराची ओळख टिकते, तीच मोजायची. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक आहे तो ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते एवढाच. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तेच. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ बुजली की ‘व’ वाचला जातो, ‘ष’ची बुजली की ‘प’. ‘ख’चे दोन भाग सुटे राहिले की ‘रव’ होतो; त्याला उपाय खाली जोडलेला ‘ख’. मी एकदा ॲक्रिलिकची अक्षरे कापून घेतली होती. कापणाऱ्याने मजबुतीसाठी शिरोरेषा सलग ठेवली आणि ‘धनश्री’ रस्त्यावरून ‘घनश्री’ झाली. जवळून तपासताना मला ते खटकले नव्हते, कारण नाव मला माहीत होते. तेव्हापासून नाव माहीत नसलेल्या माणसालाच वाचायला लावतो.

ठळक अक्षर लांबून जास्त दिसते, म्हणून लोक जाडी वाढवत नेतात. रेघेची जाडी आणि शेजारची फट सारख्या असाव्यात. त्याहून जाड रेघ ‘ब’, ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटे भरून टाकते. मागून दिवा असलेल्या अक्षरांत तर रेघ थोडी बारीकच हवी, कारण रात्री उजेड पसरून फटी आणखी अरुंद होतात.

तिसरे काम: लांबी आणि आकार एकत्र धरा

आता आपली पाटी मोजू. पाचही शब्द एका ओळीत लिहायचे. अक्षराची उंची म्हणजे शिरोरेषेपासून तळापर्यंतचे माप, वेलांट्या-उकार सोडून. ठळक फॉन्टमध्ये काना-वेलांटीसह प्रत्येक अक्षर या उंचीच्या सव्वापट जागा अडवते. इथे प्रत्येक जोडाक्षर एक अक्षर धरून ११ अक्षरे आणि ४ मोकळ्या जागा आहेत. सगळे मिळून उंचीच्या १५ पट. दहा फुटी पाटीत कडा सोडून २.८५ मीटर जागा मिळते, म्हणजे अक्षराची उंची जेमतेम १९ सेंटीमीटर.

‘सेवा’सारख्या सुट्या अक्षरांत फट उंचीच्या पाचव्या हिश्शाची, सुमारे ३८ मिलिमीटर. तो शब्द ६५ मीटरवरून कळेल. जुन्या वळणाच्या ‘द्ध’मध्ये, वर द आणि खाली ध चिकटलेला, फट मी छापील नमुन्यावर मोजली तर उंचीचा बारावा हिस्सा निघते. १९ सेंटीमीटरला ती १६ मिलिमीटर, आणि अंतर २७ मीटर. पण चालकाचे वाचन ३४ मीटरवरच संपले होते! म्हणजे दुकानाचे जे खास नाव, ते चालकाला वाचताच येत नाही. वाचता येते ते ‘सेवा केंद्र’, जे पुढच्या दुकानावरही आहे.

लांब नाव दोनदा नडते ते असे. शब्द वाढले की वाचायला वेळ जास्त लागतो आणि त्याच पाटीत अक्षर लहान होऊन वाचता येण्याचे अंतरही घटते.

यावर पाटी मोठी करणे हा महागडा उपाय आहे. मी नाव निवडतो. खांबावर फक्त ‘सिद्धेश्वर’ घेतले, तर चार अक्षरांना ५० सेंटीमीटर उंची मिळते. वेलांटी, मात्रा धरून ओळ सुमारे ८५ सेंटीमीटरची होते आणि चार फुटी पाटीत बसते. जुन्या वळणाच्या ‘द्ध’मधली फट आता ४२ मिलिमीटर, अंतर ७१ मीटर. हवे होते ७२. अगदी काठावर.

आणखी सैल करायचे असेल तर ‘द्ध’ फोडून लिहावा: पाय मोडलेला द आणि पुढे पूर्ण ध, ‘सिद्‌धेश्वर’. ओळ थोडी लांबते, उंची ४५ सेंटीमीटरवर येते, पण फट उंचीच्या आठव्या हिश्शापर्यंत जाते: ५६ मिलिमीटर, ९५ मीटर. अक्षर लहान झाले आणि वाचता येण्याचे अंतर वाढले. जुन्या वळणाचे जोडाक्षर डोळ्याला देखणे असते हे मला मान्य आहे आणि दाराच्या पाटीवर मी तेच ठेवीन, पण महामार्गावर नाही.

खाली उरलेल्या पट्टीत १३-१४ सेंटीमीटरमध्ये ‘खते-बियाणे’ बसते. अक्षर लहान असूनही हे चालते, कारण ‘मेडिकल’, ‘हॉटेल’ यांसारखे रोजचे शब्द आपण अक्षरे न सोडवता आकारावरून ओळखतो. अनोळखी विशेषनामाला ही सवलत मिळत नाही. पूर्ण नोंदणीकृत नाव भिंतीवरच्या पाटीवर लिहावे. पाटीवर इंग्रजीही हवे असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही, हे जागा वाटतानाच धरा.

शेवटचे काम: छापण्याआधी आणि नंतर पडताळा

नमुना विसाव्या हिश्शाने छापा. दहा फुटी पाटी १५ सेंटीमीटरची होईल. ७२ मीटरचे विसावे ३.६ मीटर होतात. आपण हिशेबात निम्मी नजर धरली आहे, म्हणून चांगल्या नजरेच्या माणसाला त्याच्या दुप्पट, ७.२ मीटरवर उभे करा. कागद दोन सेकंद दाखवून खाली घ्या आणि काय वाचले ते लिहून घ्या. ‘सिध्देश्वर’, ‘सिद्वेश्वर’ अशी उत्तरे आली तर फट कमी पडते आहे. मुळीच वाचता आले नाही तर उंची कमी आहे.

पाटी लागल्यावर नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी चालकाशेजारी बसवा आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करा. नाव वाचता आले की त्याने ते मोठ्याने म्हणावे, पाटी मागे पडली की टाळी वाजवावी. मधले सेकंद मोजा. ६० च्या वेगाला ४.५ सेकंद म्हणजे ७५ मीटर. हीच फेरी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, पुन्हा मारा. दुकानासमोर ट्रक उभे राहत असतील तर तेव्हाही मारा, कारण पाटीची खालची कड ट्रकच्या टपाखाली गेली असेल तर वरचा सगळा हिशेब बाद होतो.