दुपारी ३:४२ ची डिलीट

अंधेरीच्या ऑफिसात दुपारी ३:४२ ला कुणीतरी `WHERE` न लावता `DELETE` चालवली आणि टेबलमधल्या सगळ्या ओळी गेल्या. घाबरू नका, पण घड्याळ नीट वाचा. डेटा डिलीटच्या आधीच्या क्षणाला परत नेताना अ‍ॅमेझॉनची डेटाबेस सेवा आरडीएस आधी जुना स्नॅपशॉट उभा करते, मग ट्रान्झॅक्शन लॉगमधले बदल सांगितलेल्या क्षणापर्यंत त्यावर क्रमाने पुन्हा चालवते. कमांडमध्ये ही वेळ यूटीसीत द्यायची: आपले ३:४१ म्हणजे `10:11:00Z`. दुसऱ्या दिवशी घाईत `15:41:00Z` टाकलंत, तर ते आपल्या रात्रीचे ९:११ होतात. रिस्टोअर बिनतक्रार होतो, गेलेल्या ओळी मात्र गायबच! रिस्टोअर नेहमी नव्या, वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये होतो. गेलेल्या ओळी तेवढ्या तिथून आणा. ३:४२ नंतरच्या ऑर्डरी चालू डेटाबेसमध्येच आहेत, तो उडवू नका.