बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज करायची गरज नाही

फोन आधी शून्यावर आणायचा आणि मगच चार्जिंगला लावायचा, हे अजून कितीतरी जण पाळतात. हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला, आताच्या फोनात लिथियम-आयन असते आणि तिला उलट शून्यापर्यंत खेचलेलंच मानवत नाही. ३०-४० टक्क्यांवर असताना लावला, ८०ला काढला तरी काही बिघडत नाही, दोनदा अर्धं-अर्धं चार्ज केलं तर ते एकच चार्ज सायकल, म्हणजे एकच पूर्ण चार्ज, धरलं जातं.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण उतरवून परत पूर्ण भरणं, ते कशाला? त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त टक्क्यांचा आकडा सुधारतो. फोनमधली चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशोब ठेवते आणि तो हिशोब कधीकधी चुकत जातो. म्हणजे २५ टक्के दिसतायत आणि फोन धाडकन बंद, परत चालू केला की १८ दाखवतो, किंवा १ टक्क्यावर अर्धा तास मजेत चालतो, असं काही होत असेल तरच एकदा करून बघा. आपोआप बंद होईपर्यंत वापरा, मग मध्ये न काढता १००पर्यंत चार्ज करा, १०० झाल्यावरही तासभर लावून ठेवा. बास, दर महिन्याला वगैरे करायची गरज नाही.

एवढं करूनही २५ला बंद पडतोच आहे, तेही कॅमेरा उघडला की किंवा थंडीत, तर आकडा बरोबर आहे पण सेल म्हातारा झालाय, लोड आला की व्होल्टेज कोसळतं. तिथे बॅटरी बदलणं हाच उपाय, आणि मागचं कव्हर फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका.