कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि तळहातांची आग: या चुका टाळा

आमच्या कॅन्सरच्या डे-केअरमध्ये साताऱ्याकडच्या एक मावशी येतात. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग कॅपेसिटाबिन हे केमोचं औषध सुरू झालं: ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, अशी एक फेरी. दुसऱ्या फेरीच्या नवव्या दिवशी भाकरी थापताना तळवे चुरचुरले. त्यांना वाटलं, चुलीची धग. चौदाव्या दिवशी टाचेला फोड आला आणि चप्पल घालवेना.

या त्रासाला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. तो या गोळ्यांमुळे होतो आणि बऱ्याच जणांना होतो, म्हणून तो होणं ही घाबरण्याची गोष्ट नाही. तो किती वाढू दिला, हे मात्र पाहावं लागतं.

लाली शोधत बसणं

पुस्तकांत 'तळवे लाल होतात' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या हातांवर लाली नीट दिसत नाही. तळवे काळपट, जांभळट किंवा नुसते तुकतुकीत दिसतात. शिवाय या गोळ्यांनी तळहाताच्या रेषा काळवंडतात, तेही अपेक्षितच आहे. त्यामुळे रंगावर जाऊ नका, कामावरून ओळखा. मुंग्या येतात, बधिर वाटतं, कातडी कोरडी पडते, पण पीठ मळता येतं, शर्टाचं बटण लागतं, तर पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल. बटण लावताना, पातेलं उचलताना किंवा चालताना दुखायला लागलं, की त्याच दिवशी फोन करा. फोड आला, कातडी सोलून ओल दिसली, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन.

'कोर्स पुरा करू' म्हणून रेटणं

मावशींनी हेच केलं. नऊपासून चौदापर्यंत त्यांनी सगळ्या गोळ्या घेतल्या, कारण औषध सोडलं तर आजार उलटेल ही भीती. पुढे सुट्टीच्या आठवड्यात फोड सुकला, आग कमी झाली, आणि तपासणीला आल्या तेव्हा "बरं आहे" म्हणाल्या. ही सुट्टी फार फसवी असते. त्या आठवड्यात हात सुधारतात आणि डॉक्टरांना सुधारलेलेच हात दिसतात. नशीब, सून सोबत होती. तिने मोबाइलवर टाचेचा फोटो काढून ठेवला होता. तो पाहून डॉक्टरांनी तिसरी फेरी त्वचा शांत होईपर्यंत पुढे ढकलली आणि मग चारच्या जागी तीन गोळ्या केल्या. पुन्हा फोड आला नाही. दुखायला लागलं की थांबायचं आणि डोस कमी करायचा, हा उपचाराचाच भाग आहे. थांबलेल्या दिवसांच्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत. आणि नुसत्या मुंग्यांवर मनानेच गोळ्या बंदही करायच्या नाहीत.

घासणं, शेकणं, मेंदी लावणं

सोलणाऱ्या टाचेवर वज्री फिरवली की उरलीसुरली कातडीही जाते. दाब, घर्षण आणि उष्णता या तिन्हींनी त्रास वाढतो: गरम पाण्याने भांडी, कडक पट्ट्यांची चप्पल, लांबची चाल, भाकरी थापणं. ते काम काही महिने दुसऱ्याने करावं (हे सांगितलं की घरात शांतता पसरते, तरी सांगते). गार पाण्यात हात बुडवा, बर्फ थेट लावू नका. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा लावा, पण चिरेवर नको, झोंबतं.

मेंदी थंड वाटते खरी, पण तिच्या रंगाखाली बदल दिसत नाहीत, आणि काळ्या मेंदीतल्या रसायनाने वेगळीच ॲलर्जी उठू शकते. शक्ती येईल म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्याने कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढतात.

दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. गोळ्या सुरू झाल्यापासून हातांना डायक्लोफिनॅक जेल लावणाऱ्यांत दुखण्यापर्यंत गेलेला त्रास ३.८ टक्क्यांना झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. गुडघेदुखीला लावतात तेच हे जेल. तरी डॉक्टरांना विचारूनच लावा. फुटलेल्या कातडीवर मुळीच नाही.

रात्र काढणं

जखमेतून पू आला, तांबडेपणा वर सरकतोय, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आहे, तर सकाळची वाट पाहू नका. पहिल्या फेरीच्या सुरुवातीलाच हातांसोबत तोंड आलं आणि जुलाब थांबेनात, तर शरीराला ते औषध पचवता येत नसण्याची शक्यता असते. गोळ्या बंद करून तडक हॉस्पिटल गाठा.

अजून एक, जे कुणी आधी सांगत नाही. बोटांची कातडी सोलली की ठसे पुसट होतात आणि रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. मावशी दोनदा परत आल्या. अंगठा पुन्हापुन्हा दाबून घासू नका. डोळ्यांच्या बुबुळाने किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने काम होतं का ते विचारा, आणि त्यासाठी आधारला मोबाइल नंबर आधीच जोडून ठेवा.