हीटर-गीझर टायमरवर कसा लावावा (आणि मोबाइल चार्जर का लावू नये)

वीज वाचवायला स्मार्ट प्लग, म्हणजे ॲपमध्ये लावलेल्या वेळेला चालू-बंद होणारा प्लग, घेतला की चार्जरपासून सुरुवात करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो उलटा आहे. नुसता लावून ठेवलेला, हल्लीचा चांगला मोबाइल चार्जर साधारण 0.1 वॅट खातो, म्हणजे वर्षाला एक युनिटही नाही. स्मार्ट प्लग वायफायला जोडलेला राहण्यासाठीच अर्धा ते एक वॅट घेतो. एक वॅट धरला तर वर्षाला पावणेनऊ युनिट झाले. पाचसहा चार्जर असतील तर ते एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि रात्री बोर्डाचं बटण बंद करा.

प्लग लावायचा तो साठवणीच्या गीझरला. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर ओढतो. कागदावर 10 अँपिअरचा प्लग पुरतो, तरी घेऊ नका. असा भार सलग चालला की सैल संपर्काजवळ उष्णता साठते आणि प्लास्टिक पिवळं पडतं. 16 अँपिअरचा, वीजवापर दाखवणारा प्लग थेट भिंतीतल्या तेवढ्याच क्षमतेच्या सॉकेटमध्ये बसवा. मध्ये एक्स्टेंशन किंवा अडॅप्टर नको. पहिल्यांदा अर्धा तास चालवून बंद करा आणि प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर वापर थांबवून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्या.

ॲपमध्ये प्लग जोडणं पाच मिनिटांचं काम आहे. बहुतेक जण चुकतात ते वेळ ठरवताना. ‘सकाळी दोन तास’ असं अंदाजाने लावलं की पाणी तापून थर्मोस्टॅट बंद होतो, मग टाकी निवते आणि तो पुन्हा चालू होतो. ही पुन्हापुन्हा तापवण्यातली वीजच वाया जाते.

त्यामुळे आधी मोजा. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट लागतं, म्हणजे 2000 वॅटवर 21 मिनिटं. पाणी गार असताना गीझर चालू करा आणि ॲपमधला वॅटचा आकडा बघत राहा. तो शून्याजवळ आला की थर्मोस्टॅट बंद झाला. समजा 6 ला चालू केलेला गीझर 6:23 ला बंद झाला आणि अंघोळ 6:30 ला आहे, तर वेळ 6 ते 6:30 लावा. थंडीत पाणी जास्त गार येतं, तेव्हा हेच पुन्हा मोजायचं.

वीज जाऊन आल्यावर प्लग बंदच राहील अशी सेटिंग करा. साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, त्याचं घड्याळ अधूनमधून जुळवावं लागतं. टच बटणांचे हीटर तर वीज आल्यावर बरेचदा स्वतः सुरूच होत नाहीत, त्यांच्यावर टायमर वाया जातो.

खोलीचा हीटर टायमरने फक्त बंद करा, आपोआप चालू कधीच नाही. कोणी त्यावर टॉवेल वाळत घातला असेल तर कळणार नाही. पाणी तापवायच्या रॉडला टायमर नकोच. पाण्याबाहेर राहिलेला रॉड चालू झाला तर जळतो.